पगार सोळा हजार, घरी किती?

चाकणला कामाला लागलेल्या पोराला गावाकडं पहिला प्रश्न येतो तो पगार किती, हा. तो सांगतो, सोळा हजार. खोटं बोलत नाही. ठेकेदाराच्या माणसानं गेटवर त्याला तोच आकडा सांगितलेला असतो. घरी मग त्या सोळा हजारांवरच गणितं बसतात: खायला-राहायला पाच गेले तरी दहा-अकरा हजार यायला पाहिजेत. महिना भरतो, पैसे येतात साडेचार, आणि फोनवर कडवटपणा सुरू होतो. पोरगं उधळतंय असं घरच्यांना वाटतं, आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही असं पोराला. बहुतेक वेळा दोघांचंही चुकलेलं नसतं. सोळा आणि साडेचार यांच्या मधल्या ओळी कुणी वाचलेल्या नसतात, एवढंच.

त्या ओळी इथं एकदा सावकाश वाचू. हिंगोली जिल्ह्यातला एक तरुण धरू. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, प्रेस शॉपला, ठेकेदाराकडून हेल्पर म्हणून लागलेला. महिना ऑगस्ट २०२५. रोजाचे आणि खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत, ज्याचे त्यानं आपले घालावेत. कपातीचे टक्के मात्र कायद्याचे आहेत.

त्याचा रोज ५६० रुपये, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून. महिन्याचे २६ दिवस धरले की १४,५६०. त्यावर पाच टक्के घरभाडे भत्ता, ७२८ रुपये. आणि एकही खाडा नसेल तर हजेरी भत्ता १,००० रुपये. बेरीज १६,२८८. 'सोळा हजार' म्हणतात तो हा आकडा. पूर्ण हजेरी भरली तरच तो खरा, आणि तोही कपातीच्या आधीचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये पाच रविवार होते, म्हणून कामाचे दिवस बरोबर २६. त्यातला १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. ती पगारी सुट्टी. त्या दिवशी मशीन बंद असली तरी रोज मिळतो. हिशेबात पहिली चूक बहुधा इथंच होते. ठेकेदाराचा सुपरवायझर हजेरी पंचिंगवरून उतरवतो, १५ तारखेला पंच नसतो, आणि दिवस गळतो. हे ओळखायला सोपं आहे: स्लिपवरच्या 'पेड डेज'मध्ये खाडे मिळवायचे. सव्वीस आले पाहिजेत. पंचवीस आले तर सुट्टी खाल्ली गेली.

पोळ्याला आमचा हा गडी गावी गेला. शुक्रवार-शनिवार दोन खाडे, रविवारी रात्रीची गाडी धरून सोमवारी पहिल्या पाळीला हजर. त्यामुळे पगारी दिवस २४: रोजाचे १३,४४०, घरभाडे भत्ता ६७२, हजेरी भत्ता शून्य.

या दोन खाड्यांची किंमत सारखी नाही, आणि हे फार जण ध्यानात घेत नाहीत. पहिल्या खाड्याला रोज ५६०, घरभाडे भत्त्याचे २८ आणि वर हजेरी भत्त्याचे १,००० असे १,५८८ रुपये गेले. दुसऱ्या खाड्याला फक्त ५८८. हजेरी भत्ता एकदा गेला की त्या महिन्यात परत जात नाही. म्हणून पोळ्याला दोन दिवस आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या लग्नाला एक दिवस असं करण्यापेक्षा, जमेल तेव्हा सगळे खाडे एकाच महिन्यात घेतलेले बरे. सण काही आपल्या सोयीनं येत नाहीत हे खरं आहे. पण बँकेचं काम, आधारची दुरुस्ती, दातांचा डॉक्टर ही कामं त्याच महिन्यात उरकता येतात.

आता ओटी. त्यानं महिन्यात तीस तास जादा काम केलं. आठ तासांचे ५६०, म्हणजे तासाला ७०. कारखान्यात जादा कामाचा दर दुप्पट असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये तसं स्पष्ट होतं. म्हणजे तासाला १४०, तीस तासांचे ४,२००. स्लिपवर आले २,१००. ओटी 'सिंगल' लावला. पुष्कळ ठिकाणी स्लिपवर ओटी असा शब्दच नसतो, 'इन्सेंटिव्ह' किंवा 'इतर भत्ता' या नावाखाली एक गोळा रक्कम असते. त्या रकमेला आपल्या तासांनी भागायचं. उत्तर ७० आलं तर सिंगल, १४० आलं तर डबल. मात्र तास स्वतः लिहून ठेवलेले असले तरच हा भागाकार करता येतो. रोज सुटताना वहीत एक ओळ पुरते: तारीख, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ. ठेकेदाराशी बोलताना 'मला वाटतं' याला किंमत नसते, तारखेला असते.

ऑगस्टची एकूण कमाई अशी झाली: १३,४४० अधिक ६७२ अधिक २,१००, म्हणजे १६,२१२ रुपये. इथून कपात सुरू.

पहिली पीएफची. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के; ओटी आणि घरभाडे भत्त्यावर नाही. १३,४४० चे १,६१३ रुपये. घरच्यांना ही रक्कम 'गेली' वाटते. ती गेलेली नाही, थांबलेली आहे. मालकाचेही तेवढेच १,६१३ येतात. त्यांतले ८.३३ टक्क्यांच्या हिशेबानं १,१२० पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ४९३ पीएफ खात्यात. म्हणजे या एका महिन्यात त्याच्या खात्यावर २,१०६ रुपये जमा व्हायला हवेत, आणि त्यावर व्याज.

व्हायला हवेत म्हणतो, कारण कापलेला पीएफ भरला जातोच असं नाही. मोबाइल यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकाला, जोडलेला असेल तर ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा आणि शिल्लक मेसेजनं येते. मराठीत मेसेज हवा असेल तर ७७३८२९९८९९ वर असा पाठवायचा:

```
EPFOHO UAN MAR
```

उत्तर येण्यासाठी यूएएन सुरू असावा लागतो आणि आधार, पॅन किंवा बँक खातं यांपैकी काही तरी त्याला जोडलेलं असावं लागतं. मालकानं एखाद्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. म्हणून ऑगस्टचा पीएफ सप्टेंबरच्या शेवटी पाहिला तर कळतं. दोन महिने मागचाच आकडा दिसत असेल, तर उशीर म्हणून सोडून देऊ नये.

पीएफमधली दुसरी लबाडी जास्त वाईट. काही ठेकेदार मालकाचा वाटाही कामगाराच्याच पगारातून वळता करतात. स्लिपवर पीएफसमोर १,६१३ ऐवजी ३,२२६ दिसतात, किंवा एक ओळ 'पीएफ' आणि खाली दुसरी 'पीएफ कंपनी'. मालकाचा वाटा कामगाराकडून वसूल करायला कायद्यानं मनाई आहे. भरतीच्या वेळी 'सीटीसी'चा, म्हणजे मालकाचा वाटाही धरून केलेला, आकडा सांगून हे पचवलं जातं. म्हणून गेटवर पगार विचारताना 'हातात किती' असं विचारू नये. 'रोज किती, आणि त्यातला पीएफ कुणाचा' असं विचारावं.

मग ईएसआय, म्हणजे कामगार विमा. कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. २०२५ च्या ऑगस्टच्या नियमानं तो ओटी धरून सगळ्या कमाईवर लागला: १६,२१२ चे १२१ रुपये ५९ पैसे, वरचा रुपया धरून १२२. सगळ्या कपातींमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी. आजारी पडल्यावर या १२२ रुपयांच्या बदल्यात औषधोपचार आणि वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजाच्या ७० टक्के भरपाई मिळू शकते. भरपाईची अट अशी की त्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. ठेकेदार बदलला की नवा माणूस नवा विमा क्रमांक काढून देतो आणि मागचे दिवस तुटतात. जुना क्रमांक सांगितला तर तोच पुढं चालतो.

तिसरी कपात व्यवसाय कराची. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. महिलांना पंचवीस हजारांपर्यंत तो लागत नाही. त्यामुळे एकाच लाइनवर, एकाच रोजावर काम करणाऱ्या बाईच्या स्लिपवर तो कापलेला दिसला तर ती चूक आहे, परत मागावी. जून आणि डिसेंबरच्या पगारात कामगार कल्याण निधीचे २५ रुपये जातात. ऑगस्टला ते नाहीत.

कायद्यानं कापायचं ते इतकंच: १,६१३, १२२ आणि २००, मिळून १,९३५. उरले १४,२७७.

पण हातात १४,२७७ येत नाहीत, कारण त्याखाली आणखी चार ओळी आहेत. कँटीन ६५०, बस ४५०, सेफ्टी शूज ३५०, उचल २,०००. खरं भांडण असायला हवं ते या ओळींवर, आणि नेमकं इथंच पोरं गप्प बसतात. पीएफबद्दल कुरकुर करतात आणि बुटांचे पैसे मुकाट देतात.

कँटीनचे जेवणाला २५ रुपये ठरलेत. तो प्रत्यक्ष कारखान्यात आला २३ दिवस. १५ ऑगस्टला कँटीन बंद, दोन खाडे. ५७५ व्हायला हवेत, कापले २६ दिवसांचे. पंच्याहत्तर रुपये म्हणजे काही मोठं नाही असं त्यालाही वाटतं. तीनशे पोरं एका ठेकेदाराकडं असली तर त्या ठेकेदाराला ते मोठं असतं. बसचे ४५० महिन्याचे ठोक ठरलेले, ते ठीक. सेफ्टी शूज मात्र कामाच्या धोक्यासाठी लागणारी वस्तू आहे. ते मालकानं द्यायचे, कामगाराच्या पगारातून नाही. प्रेसवर पत्रा पायावर पडू शकतो म्हणून ते घालायचे असतात, हौसेनं नाही.

उरली उचल. ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीनच्या फवारणीला पैसे हवे होते, म्हणून त्यानं दोन हजार उचलले आणि त्याच दिवशी वडिलांना पाठवले. पगारात ते वळते झाले. यात ठेकेदाराचं काही चुकलं नाही. चूक होते ती घरच्या हिशेबात: ऑगस्टच्या पगारातून घरी काय आलं असं मोजताना हे दोन हजार कुणीच धरत नाही, कारण ते महिनाभर आधी आले आणि औषधात गेले. उचल म्हणजे आधी पाठवलेला पगार. ती त्याच महिन्याच्या खात्यात, घरच्या बाजूला लिहायची. एवढं केलं तरी निम्मा कडवटपणा कमी होतो.

खात्यावर आले १०,८२७ रुपये.

आणि काय यायला हवे होते? ओटी दुप्पट, म्हणजे २,१०० जास्त, त्यावर ईएसआयचे १६ वाढतील. बुटांचे ३५० परत, कँटीनचे ७५ परत. म्हणजे १३,३३६. फरक २,५०९ रुपयांचा. साडेचार दिवसांच्या रोजाएवढा. तो मागायचा कसा? आधी सुपरवायझरकडं, वही आणि स्लिप घेऊन, एका वेळी एकच मुद्दा. पहिल्यांदा कँटीनचा घ्यावा, कारण तिथं कुणाचं तोंड काळं होत नाही आणि हिशेब तपासला जातो ही सवय दोन्हीकडं लागते. ओटीचा मुद्दा एकट्यानं न नेता लाइनवरच्या सगळ्यांनी मिळून न्यावा. एकट्याला 'उद्यापासून येऊ नको' म्हणणं ठेकेदाराला सोपं असतं. तिथं दाद लागली नाही, तर कंपनीच्या एचआरला लेखी द्यावं. ठेकेदारानं पगार किंवा पीएफ बुडवला तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि हे एचआरला चांगलं ठाऊक असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या वेतन कायद्यांच्या जागी वेतन संहिता लागू झाली तरी कामगाराच्या दृष्टीनं मोठ्या गोष्टी तिथंही आहेत: जादा कामाला किमान दुप्पट दर, मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर नाहीत. शिवाय भत्ते फुगवून मूळ पगार नावापुरता दाखवायची वाट तिनं अरुंद केली आहे, कारण निम्म्याच्या वरचे भत्ते आता वेतनातच धरले जातात.

तोवर हातात आहेत ते १०,८२७. घरी किती, हे यातून ठरायचं.

खोली चौघांत, भाडं सहा हजार, याचे १,५००. लाइटचे २००, खोलीमालक युनिटमागं आपला दर लावतो, म्हणून सबमीटरचं रीडिंग पहिल्या तारखेला फोटो काढून ठेवलेलं बरं. स्वयंपाक खोलीवरच, छोट्या सिलिंडरवर. किराणा, भाजी आणि गॅस मिळून २,१००. दुपारचं किंवा रात्रीचं एक जेवण कँटीनला होतं म्हणून एवढ्यात भागतं. डबा लावला तर हा आकडा सहज वर जातो. चहा-नाश्ता आणि सुटीच्या दिवशीचं खाणं ७००. रिचार्ज ३००, आणि तो अठ्ठावीस दिवसांचा असल्यामुळं वर्षात बाराऐवजी तेरा वेळा येतो. साबण, कटिंग, औषधगोळी ५००. बेरीज ५,३००.

१०,८२७ मधून ते वजा केले, राहिले ५,५२७. सगळी रक्कम इथंच पाठवली जाते आणि पंचवीस तारखेला उचल मागायची वेळ येते. म्हणून आणखी दोन रकमा बाजूला. एक, गावी जायच्या भाड्याचे ५००. जाऊन-येऊन सोळाशे धरले आणि वर्षात तीन-चार फेऱ्या, तर महिन्याला एवढे पडतातच. बाजूला ठेवले नाहीत तर त्या महिन्यात उचल ठरलेली. दोन, खात्यात राहू द्यायचे ५००. पगार दहा तारखेला आणि खोलीभाडं पाच तारखेला, या पाच दिवसांच्या दरीसाठी ते लागतात. दर महिन्याला ५०० असे चार महिने साठले की एक उचल वाचते, आणि मग ती रक्कम घरी जायला मोकळी होते. फोन हप्त्यावर घेतलेला असेल तर ही दरी आणखी महाग पडते. हप्ता पाच तारखेचा आणि खात्यात पैसे नाहीत, म्हणजे बँकेचा आणि फायनान्सवाल्याचा, असा दोन्हीकडून दंड. हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घ्यावी.

राहिले ४,५२७. घरी पाठवायचे ४,५००.

हा आकडा पूर्ण हजेरीच्या, उचल नसलेल्या महिन्याशी ताडून पाहावा. ओटी अजिबात नाही असं धरलं तर कमाई १६,२८८, पीएफ १,७४७, ईएसआय १२३, व्यवसाय कर २००, कँटीन ६५०, बस ४५०, हातात १३,११८. खोलीखर्च आणि बाजूच्या दोन रकमा काढल्या की ६,८१८. म्हणजे चांगल्या महिन्यात पावणेसात हजार जातात, पडत्या महिन्यात साडेचार. घरच्यांना कुठला आकडा सांगायचा? माझं मत ठाम आहे: साडेचार. घर त्या आकड्यावर किराण्याची उधारी आणि बचत गटाचा हप्ता ठरवतं. तो कुठल्याही महिन्यात चुकता कामा नये. वरचे दोन-सव्वादोन हजार ज्या महिन्यात असतील त्या महिन्यात, वेगळे आणि सांगून पाठवावेत, म्हणजे ते बियाण्याला किंवा फीला जातात, रोजच्या खर्चात विरत नाहीत. ओटीचा पैसाही याच वरच्या रकमेत. ऑर्डर कमी झाली की पहिला ओटी बंद होतो, म्हणून घरखर्च कधी ओटीवर उभा करू नये.

पाठवणं आता यूपीआयनं फुकट आहे, पण काढणं फुकट राहतंच असं नाही. आईचं खातं जनधनचं, फोन साधा, बँकेची शाखा तालुक्याला. ती गावातल्या बँक मित्राकडं अंगठा लावून पैसे काढते. हजाराला दहा रुपये तो 'चार्ज' म्हणून हातातूनच कापून घेत असेल, तर साडेचार हजाराला ४५ गेले. तसं घ्यायचा त्याला अधिकार नाही. त्याचं कमिशन बँक देते. निंदणी-खुरपणीनं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा जुळत नाही, मग तो दोन-तीनदा लावायला सांगतो. धोका इथं आहे. प्रत्येक वेळी अंगठा लावला की पावती किंवा मशीनवरचा मेसेज पाहायचा. पैसे हातात न पडता खात्यातून वजा झाले, तर ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा व्हायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी वेळ आणि रक्कम सांगता यायला हवी. आईच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर पोराचाच असेल तर ते सोपं जातं. मेसेज चाकणला येतो, अंगठा लागल्या लागल्या त्याला कळतं किती निघाले, आणि तो तिथूनच फोन करून आईला विचारू शकतो, हातात मोजून किती दिले.